मखमल सरकते कुठे?

मखमलीच्या ब्लाउजची बाजूची शिवण घाला; सुरुवातीला जुळलेल्या कडा शेवटी हमखास पुढेमागे होतात. सुलट बाजू समोरासमोर आल्या की दोन्ही तुकड्यांची लव ब्रशांसारखी एकमेकींत अडकते. खालचे कापड मशीनचे दाते ओढतात, वरचे फुटाखाली रेटले जाते. टाचण्या इथे अपुऱ्या पडतात, शिवाय त्यांचे वळही उमटतात.

उपाय कंटाळवाणा, पण खात्रीचा: बारीक सुईने, रेशमी दोऱ्याने, शिवणरेषेच्या दोन्ही बाजूंना हाताने कच्चे टाके. मग फुटाचा दाब कमी करून, टाका सुमारे ३ मिलिमीटर ठेवून लवेच्या दिशेने शिवायचे. मध्येमध्ये सुई कापडात ठेवून फूट उचलला की साचलेला ताण सुटतो. आधी कात्रणावर पाहा: वरचा थर शेवटी लांब उरला, तर दाब अजून जास्त आहे.

इस्त्रीसाठी सुयांचा पट असतो. त्यावर बारीक तारा दाट उभ्या असतात. मखमल सुलट बाजू खाली करून ठेवली की लव तारांमध्ये शिरते, चेपत नाही. इस्त्री किंचित वर धरून वाफ द्यायची, शिवण बोटांनी उलगडायची आणि कापड गार होईपर्यंत हलवायचे नाही. पटाची कडा मात्र टाळा, तिचा ठसा उमटतो. पट नसेल तर मखमलीचाच तुकडा, लव वर करून, खाली अंथरावा. सुती कॉर्डरॉयला जाड टॉवेलही चालतो.