चटणीच्या लेबलसाठी प्रिंटरला ईमेल कसा लिहायचा?

समजा, तुम्ही वेळापूरला घरी शेंगा चटणी बनवता. आषाढी वारीत माउलींची पालखी इथे मुक्कामाला येते, त्याआधी तुम्हाला 200 ग्रॅमच्या बरणीसाठी लेबल हवीत. "लेबलचा काय रेट?" असं तीन प्रेसना विचारलंत, तर तिघं तीन वेगळ्या वस्तूंचा रेट सांगतील. म्हणून तिघांनाही हाच ईमेल पाठवा:

विषय: शेंगा चटणी लेबल – कोटेशन हवे

नमस्कार,
खालील कामाचा दर कळवावा.
नग: 2000. 5000 चा दरही वेगळा द्यावा. डिझाइन एकच.
साइझ: कापल्यानंतर रुंदी 150 मिमी, उंची 60 मिमी.
छपाई: एका बाजूने, चार रंगांत.
कागद: क्रोमो स्टिकर.
फिनिश: ग्लॉस लॅमिनेशन.
प्रूफ: आधी पीडीएफ पाठवावी. आमची लेखी मंजुरी आल्यावरच छापावे.
पोच: वेळापूर, 5 जूनपर्यंत.
लॅमिनेशन, कटिंग, वाहतूक आणि जीएसटी दरात धरले आहेत का, ते लिहावे.

आता यातल्या काही ओळींमागचं कारण बघू.

दोन नगांचे दर का मागायचे? ऑफसेटवर प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च नग कितीही असले तरी जवळपास तेवढाच येतो. त्यामुळे नग वाढले की एका लेबलचा दर उतरतो. पण वजन किंवा किंमत बदलणार असेल, तर 5000 छापून ठेवू नका, रद्दी होईल.

लॅमिनेशन का? चटणीला तेल सुटतं आणि साध्या कागदावर त्याचे डाग पडतात. मात्र लॅमिनेशनवर साध्या स्टॅम्पची शाई पुसली जाते. म्हणून बॅच नंबर आणि तारखेचं काय करायचं, ते प्रिंटरला आधीच विचारा. छोटं वेगळं स्टिकर हा सोपा उपाय आहे.

प्रूफ आलं की वजन, एमआरपी आणि 14 आकडी एफएसएसएआय नंबर एकेक आकडा बोट ठेवून तपासा. रंग मात्र मोबाईलवर पाहून ठरवू नका. स्क्रीनवरचा लाल कागदावर वेगळा दिसतो. रंग महत्त्वाचा असेल, तर छापील नमुना मागा. साइझ खरी वाटते का, हे पाहायला प्रूफची मूळ मापात प्रिंट काढून बरणीला गुंडाळा.

आता समजा, एकाने 1.60 रुपये दर दिला, पण लॅमिनेशनचे 50 पैसे वेगळे. दुसऱ्याने सगळं धरून 1.90 सांगितला. 2000 लेबलांचे पहिल्याकडे 4200 रुपये होतात, दुसऱ्याकडे 3800. वरवर स्वस्त वाटणारा 400 रुपयांनी महाग निघाला!

आणि तारीख पक्की करताना एक विचारा: "मंजुरी दिल्यापासून किती दिवस?" प्रूफ तुमच्याकडे चार दिवस पडून राहिलं, तर पोचही तेवढीच पुढे जाते.