रात्रपाळीच्या स्टाफ नर्सने फोन कुणाला करायचा?

दहा-पंधरा खाटांच्या प्रसूतिगृहासाठी स्टाफ नर्सचं कामाचं वर्णनपत्र करताय? 'रुग्णांची काळजी घेणे' एवढ्यावर भागवू नका. पात्रता एका ओळीत संपते: जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी. खरा मजकूर प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन तासांचा हवा. दर 15 मिनिटांनी नाडी, रक्तदाब, रक्तस्राव आणि पोटावरून गर्भाशय घट्ट आहे का, हे तिने स्वतः पाहायचं आणि वेळेसह लिहायचं. मावशींवर सोपवायचं नाही.

आता वरिष्ठ कोण ते. रजा, पाळ्या, औषधांचा साठा यांसाठी इन्चार्ज सिस्टर. रुग्णाची तब्येत बिघडली तर थेट ड्यूटीवरचे डॉक्टर. हे दोन रस्ते वेगळे लिहिले नाहीत, की रात्री घोळ होतो.

समजा, पहाटे 2 वाजता पॅड भराभर भिजतोय, नाडी 90 वरून 115 झालीय, गर्भाशय मऊ लागतंय. रक्तदाब अजून ठीक दिसेल. त्यावर विसंबू नका, तो उशिरा पडतो. नर्सने मदतीला हाक मारून गर्भाशय चोळायला लागायचं, दुसरीने डॉक्टरांना फोन करून सलाइनची तयारी करायची. ऑक्सिटोसिन ठरलेल्या लेखी सूचनेप्रमाणे. इन्चार्जना नंतर कळवलं तरी चालेल. डॉक्टरांनी फोन उचलला नाही तर पुढचा नंबर कुणाचा, तेही वर्णनपत्रातच नावानिशी असू द्या. (रात्री एकच नर्स ठेवणाऱ्यांनी ही 'दुसरी' कोण, तेवढं आधी ठरवावं!)