एक कोटी पंधरा लाखांतले दीड लाख

अनुदानित शाळेचं अंदाजपत्रक पाहिलं की संस्थेकडे वर्षाला कोटभर रुपये खेळत असतील, असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक पैसा संस्थेचा नसतोच. मान्य पदांवरच्या शिक्षकांचा आणि कर्मचाऱ्यांचा पगार सरकार देतं. मुख्याध्यापक शालार्थ प्रणालीत देयक भरतात, वेतन पथक ते तपासतं आणि पैसा कर्मचाऱ्यांपर्यंत पोचतो. अंदाजपत्रकात ही रक्कम जमेलाही दिसते आणि खर्चालाही.

खेड्यातली एक काल्पनिक माध्यमिक शाळा घेऊ. मान्यताप्राप्त कर्मचारी बारा, मिळून महिन्याचं ढोबळ वेतन नऊ लाख. सरळ बारानं गुणलं की झालं, असं नाही. मार्चचा पगार एप्रिलमध्ये होतो, म्हणून आर्थिक वर्षात मार्च ते फेब्रुवारीचे पगार येतात. वेतनवाढ सगळ्यांना जुलैत मिळते असं धरू. ती पंचवीस हजारांची असेल, तर पहिले चार महिने नऊ लाखांनी आणि पुढचे आठ सव्वानऊ लाखांनी धरायचे. बेरीज 1 कोटी 10 लाख. इथे हातात पडणारी रक्कम लिहायची नाही. भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर, आयकर वजा होण्याआधीचा आकडा लिहायचा, नाहीतर वेतन पथकाच्या हिशेबाशी मेळ बसत नाही.

आता संस्थेची बाजू. एका शिक्षकाची वैयक्तिक मान्यता अजून आलेली नाही, त्याला संस्था महिन्याला बारा हजार देते. मंजूर पदाबाहेरच्या शिपायाला आठ हजार. वर्षाचे झाले 2 लाख 40 हजार. वीज, दुरुस्ती, प्रयोगशाळेचं सामान, खडू-कागद यांचे तीन लाख. एकूण 5 लाख 40 हजार. ‘मान्यता येईलच’ म्हणून त्या शिक्षकाचा पगार अनुदानाच्या रकान्यात टाकण्याचा मोह होतो. पण मान्यता आणि शालार्थ आयडी हाती येईपर्यंत तो संस्थेचाच खर्च.

याला पैसा कुठून? फी 1 लाख 20 हजार, देणग्या आणि इतर उत्पन्न 2 लाख 70 हजार. उरलेले दीड लाख वेतनेतर अनुदानातून येतील, असं गृहीत धरलंय. हे अनुदान पगारासारखं दर महिन्याला येत नाही, वर्षभर लांबूही शकतं.

दोन्ही बाजू एकत्र मिसळल्या, तर 1 कोटी 15 लाख 40 हजारांत हे दीड लाख दीड टक्क्याहूनही कमी. सभेत कुणाची नजर जात नाही. वेगळं पान केलं, की तेच दीड लाख संस्थेच्या खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त दिसतात. मग ते अनुदान लांबलं तर बारा हजारांचा पगार कुठून द्यायचा, हा प्रश्न दिवाळीच्या तोंडावर न येता मार्चच्या सभेतच विचारला जातो.