एक पुडी, पाच फुलपात्रं

गेल्या पावसाळ्यात मामेभावाकडे गेलो, तेव्हा त्याचा दीड वर्षाचा मुलगा जुलाबांनी मलूल झाला होता. आजीनं सकाळीच ओआरएसची पुडी फोडून फुलपात्रभर पाण्यात कालवली होती. पोरगं एक घोट घ्यायचं, तोंड वेडंवाकडं करायचं आणि थुंकून टाकायचं. तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी त्यातला थेंबभर जिभेवर ठेवला आणि विचारलं, "आजी, अख्खी पुडी यातच टाकली का हो?"

पुडी एक लिटरची, म्हणजे साधारण पाच फुलपात्रांची होती. एका फुलपात्राची, २०० मिलिलिटरची पुडीही मिळते, त्यामुळे हा घोटाळा सहज होतो. एवढं दाट पाणी पोटात गेलं की ते शरीराला मिळायचं राहतं, उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं. जुलाब वाढतात, रक्तातलं मीठ चढतं, मूल चिडचिडं होतं. ओळखायची खूण सोपी आहे: तयार पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

यातली साखर चवीसाठी असते असं बहुतेकांना वाटतं. जुलाबात आतड्याची मीठ शोषण्याची ताकद मंदावते, पण ग्लुकोज आणि मीठ यांना जोडीनं आत घेणारी एक वाट शाबूत राहते, आणि त्या जोडीमागून पाणी जातं. जोडीतलं एकही कमी-जास्त झालं की काम बिघडतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच साखर-मिठाचं पाणी रुग्णांना पाजून असंख्य जीव वाचवले.

पुडी नसेल तर घरी करता येतं. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. गोम चमच्यात आहे. पोह्यांचा चमचा घेतला की गणित गेलंच. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं पाच मिलिलिटरचं माप घ्यावं आणि शीग सुरीनं उतरवावी. पाणी सीलबंद पाण्याच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटलीनं मोजावं. या घरगुती पाण्यात पुडीतलं पोटॅशियम आणि सायट्रेट नसतं, म्हणून पुडी हाती येईपर्यंतच ते वापरायचं. दोन्ही पाणी चोवीस तासांनी ओतून द्यायचं. खोक्यातली गोड सरबतं मात्र यातली नव्हेत. त्यांतल्या जादा साखरेनं जुलाब वाढतात.

आशाताईंनी नवी पुडी बाटलीभर पाण्यात विरघळवली आणि भावजयीच्या हाती चमचा दिला. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर जुलाबामागे पाव ते अर्धं फुलपात्र, तेही मिनिट-दोन मिनिटाला चमचा-चमचा. पोरानं लगेच एकदा ओकलं. "दहा मिनिटं थांबा, मग आणखी सावकाश द्या," ताई म्हणाल्या. "आणि अंगावरचं दूध, मऊ भात चालूच ठेवा." जुलाब संध्याकाळपर्यंत होतच होते, आणि आजीला तेच खटकत होतं. पण या पाण्यानं जुलाब थांबत नाहीत, गेलेलं पाणी भरून निघतं. ते भरतंय हे लघवीवरून कळतं. दुपारी त्याला स्वच्छ, भरपूर लघवी झाली, तेव्हा ताई निघाल्या.

जाताना त्यांनी झिंकच्या चौदा गोळ्या दिल्या. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. त्याहून लहान बाळाला जुलाब झाले तर थेट डॉक्टरकडे. गोळी चमच्यात ठेवून वर थोडं उकळलेलं पाणी किंवा आईचं दूध टाकलं की मिनिटभरात विरघळते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा द्यायची. तोंडात धातूसारखी चव राहते, म्हणून मूल कुरकुरतं.

तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले आणि आजीनं गोळ्या फळीवर ठेवून दिल्या. बहुतेक घरांत असंच होतं. पण झिंक जुलाबांमुळे झिजलेलं आतड्याचं अस्तर भरून यायला मदत करतं आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याचा धोका कमी करतं. तो फायदा पूर्ण चौदा दिवस दिल्यावर मिळतो. भावजयीनं गोळ्या परत खाली काढल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारायला लागली.

त्याच कॅलेंडरच्या कोपऱ्यात तिनं ताईंनी सांगितलेलं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: शीत रक्त, काहीच पीत नाही, गुंगीत आहे, डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसते – यातलं एकही दिसलं तर गाडी काढायची, आणि वाटेत चमचा चालू ठेवायचा.