हँडब्रेक सोडला, तरी लाल दिवा का पेटतो?

हँडब्रेक पूर्ण खाली आहे, तरीही घाट उतरताना डॅशबोर्डवर वर्तुळातलं लाल उद्गारचिन्ह लुकलुकतं आणि सपाट रस्त्यावर विझतं. अशा वेळी बहुतेकांना हँडब्रेकचा स्विच बिघडला असं वाटतं. पण बहुतेक गाड्यांत हाच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचंही सांगतो. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत एक तरंगता फ्लोट असतो. तो ठरावीक पातळीखाली गेला की दिवा लागतो. उतारावर किंवा वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, म्हणून सुरुवातीला दिवा अधूनमधूनच पेटतो.

गळती नसताना हे ऑइल जातं कुठे? ते पुढच्या चाकांच्या कॅलिपरमध्ये जातं. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागे झालेली जागा ऑइल भरून काढतं. पिस्टनचा व्यास 5 सेंटिमीटर धरा. एका चाकावरचे दोन्ही पॅड प्रत्येकी 7 मिलिमीटर झिजले, तर त्या कॅलिपरमध्ये सुमारे 27 मिलिलिटर ऑइल जास्तीचं शिरतं. दोन्ही चाकांचं मिळून ते 55 मिलिलिटरच्या आसपास होतं. छोट्याशा डबीत एवढ्याने पातळी चांगलीच खाली येते.

म्हणून दिवा दिसला की लगेच ऑइल ओतून मोकळं होऊ नका. तसं केलं तर दिवा विझेल, पण पॅड झिजतच राहतील आणि शेवटी लोखंडी पत्रा डिस्कवर घासेल. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की जास्तीचं ऑइल डबीबाहेर सांडेल आणि जिथे पडेल तिथला रंग खाईल.

आधी गाडी सपाट जागी लावून डबीवरच्या खुणा पाहा. मग चाकाच्या फटीतून टॉर्चने पॅड पाहा. नव्या पॅडचा थर साधारण 10 मिलिमीटर असतो. तो 3 मिलिमीटरवर आला असेल, तर पॅड बदलायची वेळ झाली. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला असू शकतो, म्हणून मेकॅनिककडून चाक काढून दोन्ही तपासून घ्या. पॅड बदलल्यावर पातळी बहुधा आपोआप वर येते. तरीही ऑइल लागलं, तर झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच, सीलबंद बाटलीतलं वापरा.

पॅड जाड आहेत आणि पातळी मात्र खाली आहे, तर मागच्या चाकांचे लायनर झिजलेत का आणि कुठे गळती आहे का, हे तपासावं लागतं. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, पेडल मऊ लागलं किंवा पायाखाली खोल जाऊ लागलं, तर गाडी अजिबात चालवू नका. ती टोइंग करूनच गॅरेजला न्या.