सुटलेला टाका: दिसलं भोक की उसवायचं?

पाठ निम्मी विणून होते, सुईवरचे टाके मोजले तर नव्वदाऐवजी एकोणनव्वद भरतात. नीट पाहिलं की दहा-बारा ओळी खाली एक मोकळा फास आणि त्याच्या वर आडव्या दोऱ्यांची शिडी दिसते. अशा वेळी बहुतेक घरांत एकच सल्ला मिळतो, तिथपर्यंत उसव. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा साध्या विणीत हा सल्ला क्वचितच बरोबर असतो. मात्र तो कधी बरोबर असतो, हेही माहीत असायला हवं.

गैरसमज: सुटलेला टाका शेजारच्या टाक्यांनाही उसवत नेतो.

वस्तुस्थिती: टाका फक्त आपल्याच उभ्या रांगेत खाली जातो. या विणीतला प्रत्येक टाका म्हणजे खालच्या फासातून ओढून घेतलेला एक फास. त्याला धरून ठेवतो तो त्याच्या वरचा फास, आणि सगळ्यात वरच्याला धरते सुई. सुईवरून टाका निसटला की त्याच्या खालचा मोकळा होतो, मग त्याच्याही खालचा. शेजारच्या रांगांतल्या फासांना त्यांचे स्वतःचे वरचे फास धरून असतात, म्हणून ते जागचे हलत नाहीत. आठ ओळींपूर्वी सुलटऐवजी उलट टाका पडल्याचं लक्षात आलं, तर सराव असलेल्या विणकर बायका ती एकच रांग मुद्दाम सोडून खाली नेतात, चूक सुधारतात आणि रांग परत वर आणतात.

टाका किती वेगाने खाली जाईल, हे लोकरीवर अवलंबून असतं. खऱ्या लोकरीचे तंतू खरबरीत असल्याने एकमेकांना धरतात आणि फास बराच वेळ जागीच राहतो. ॲक्रिलिक, सुती आणि रेशमी धागा गुळगुळीत असतो, तिथे तो झरझर उतरतो. म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नाही. मोकळ्या फासात सेफ्टी पिन अडकवा आणि विणकाम टेबलावर सपाट ठेवा. भोक किती मोठं आहे हे पाहायला कापड आडवं ताणलं, तर आणखी दोन-तीन ओळी तिथेच सुटतात.

गैरसमज: टाका वर आणायला वेगळी लोकर लागते.

वस्तुस्थिती: लागणारी सगळी लोकर शिडीतच असते. शिडीतली प्रत्येक आडवी पायरी म्हणजे त्या ओळीतला उलगडलेला टाका. बारा ओळी सुटल्या तर पायऱ्या बारा, आणि प्रत्येकीत एका टाक्यापुरता धागा. तो सरळ झाल्यामुळे फक्त वेगळा दिसतो.

हत्यार म्हणून क्रोशाची सुई घ्यावी, तीही विणायच्या सुईपेक्षा किंचित बारीक. चार मिलिमीटरच्या सुयांवर विणत असाल तर साडेतीन किंवा तीनची पुरे. जाड घेतली तर फास ताणले जातात आणि दुरुस्त केलेली रांग सैल पडते.

विणकामाची सुलट बाजू, म्हणजे इंग्रजी व्हीसारख्या टाक्यांची बाजू, आपल्याकडे करा. क्रोशाची सुई मोकळ्या फासात पुढून मागे घाला. फासाच्या लगेच वरची, म्हणजे सगळ्यात खालची पायरी फासाच्या मागे असायला हवी. ती आकड्यात पकडून फासातून पुढे ओढा. जुना फास आकड्यावरून खाली उतरतो आणि पायरीचा नवा फास तयार होतो. मग त्याच्या वरची पायरी. असं करत शेवटची पायरी ओढली की टाका डाव्या सुईवर ठेवा. ठेवताना फासाचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला यायला हवा. तो मागे गेला तर पुढच्या ओळीत टाका पिळवटतो.

गैरसमज: अर्ध्या ओळी उलट विणल्या होत्या, म्हणून अर्ध्या पायऱ्या उलट ओढायला हव्यात.

वस्तुस्थिती: सुलट बाजूने पाहिलं तर या विणीतला प्रत्येक टाका सुलटच असतो. उलट ओळ आपण मागच्या बाजूने विणतो, म्हणून ती पुढून सुलट दिसते. त्यामुळे सुलट बाजू समोर असली की सगळ्या पायऱ्या एकाच पद्धतीने ओढायच्या. टाका सुटल्याचं उलट ओळ विणताना कळलं, तर विणकाम फिरवून घ्या, दुरुस्ती करा आणि पुन्हा फिरवून उरलेली ओळ पूर्ण करा.

चूक झाली की तीही लगेच दिसते. पायरी फासाच्या मागे राहण्याऐवजी पुढे राहिली असेल, तर सुलट बाजूवर आडवी गाठ उमटते. पायरी सुटून गेली असेल, तर मागच्या बाजूला एक दोरा लोंबकळतो आणि पुढे एक टाका दुप्पट उंच दिसतो. व्हीचे पाय तळाशी एकमेकांवर चढले असतील, तर त्या ठिकाणी फास पिळला गेला आहे. या तिन्ही चुका सुधारायची रीत एकच. तेवढी रांग पुन्हा सोडायची आणि चुकलेल्या ठिकाणापासून परत वर यायचं. शिडी लांब असली तर पायऱ्या एकमेकींत गुंततात. तेव्हा शिडीच्या दोन्ही बाजूंचं कापड बोटांनी हलकं दूर धरलं की त्या क्रमाने वेगळ्या होतात.

गैरसमज: सुटलेला टाका कधीही सापडला तरी तो शिडीने वर आणता येतो.

वस्तुस्थिती: इथे फरक पडतो, आणि दुरुस्त केलेली जागा आवळलेली दिसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. टाका सुईवरून आत्ता निसटला असेल, तर शिडीतली प्रत्येक ओळ त्या टाक्यासकट विणलेली असते. तो आधीच निसटला असेल आणि त्यावरून आपण पुढे विणत गेलो असू, तर वरच्या ओळींत तो टाका कधी विणलाच गेला नाही. तिथे शेजारच्या दोन टाक्यांना जोडणारा एक आखूड दोरा आहे, आणि त्यात टाक्यापुरती लोकर नाही.

हे एका उदाहरणात पाहू. पाठीला नव्वद टाके आहेत, साठावी ओळ पूर्ण झाली आहे. सुईवर एकोणनव्वद टाके आहेत आणि मोकळा फास अठ्ठेचाळिसाव्या ओळीचा आहे. दहा सेंटिमीटरला तीस ओळी बसत असतील, तर हे भोक साधारण चार सेंटिमीटर खाली आहे. शिडी नीट पाहिली तर खालच्या सहा पायऱ्या लांब आणि सैल दिसतात. त्यांच्या वर भोक अचानक मिटतं आणि शेजारचे दोन टाके एकमेकांना चिकटलेले असतात. याचा अर्थ असा, की टाका चौपन्नाव्या ओळीनंतर सुईवरून पडला, तिथून खाली अठ्ठेचाळीसपर्यंत उतरला, आणि पंचावन्न ते साठ या ओळी त्याच्याशिवाय विणल्या गेल्या.

खालच्या सहा पायऱ्या क्रोशाने सहज वर येतील. चौपन्नाव्या ओळीशी पोचल्यावर मात्र थांबावं लागतं. वरचे सहा आखूड दोरे ओढले तर ओढले जातीलही, पण प्रत्येक टाका शेजाऱ्यांची लोकर खाऊन तयार होईल आणि तिथे उभी आवळलेली रेघ दिसेल. एक-दोन ओळींचा तुटवडा असेल, तर शेजारचे टाके तो सोसतात. सहा ओळींचा एकाच जागी सोसत नाहीत.

मग इथे तीन रस्ते उरतात. पहिला म्हणजे तुटवडा वाटून घेणं. सुटलेल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंचे चार-चार टाके सुईवरून सोडून चौपन्नाव्या ओळीपर्यंत खाली न्यायचे. मग दोन्हीकडे टोक असलेल्या दोन छोट्या सुयांवर, प्रत्येक ओळीच्या मोकळ्या दोऱ्याने, आठऐवजी नऊ टाके विणत वर यायचं. दर ओळीत सुलट बाजूने, उजवीकडून डावीकडे. आठ टाक्यांची लोकर नऊ टाक्यांत गेली की प्रत्येकाला साधारण नवव्या हिश्शाने कमी मिळते, आणि हे सहसा डोळ्यांत भरत नाही. दुसरा रस्ता पाठीसाठी किंवा काखेजवळच्या भागासाठी ठीक आहे. चौपन्नाव्या ओळीचा फास त्याच लोकरीच्या वेगळ्या तुकड्याने मागून पक्का करायचा, टोकं मागे विणीत लपवायची आणि एकसष्टाव्या ओळीत त्याच जागी एक टाका वाढवायचा. किंचित चुणी राहते, पण टाका पुन्हा उतरत नाही. तिसरा रस्ता उसवण्याचा. पण तेव्हाही वरच्या सहाच ओळी उसवायच्या, बारा नाहीत, कारण खालच्या सहांची दुरुस्ती आधीच झालेली असते.

गैरसमज: दुरुस्त केलेली रांग वेगळीच दिसते, आणि इस्त्री फिरवली की ती सपाट होते.

वस्तुस्थिती: पहिलं तात्पुरतं खरं आहे, दुसरं धोक्याचं. दुरुस्तीनंतर रांग थोडी सैल किंवा थोडी घट्ट दिसते, कारण शिडी ताणताना पायऱ्यांतली लोकर शेजारच्या टाक्यांत कमी-जास्त सरकलेली असते. सुईचं टोक घेऊन सैल टाक्याचा जादा धागा दोन्हीकडच्या तीन-चार टाक्यांत पाय-पाय करून सरकवावा. त्यानंतर कापड उभं आणि आडवं हलकेच ओढलं की बराचसा फरक मिटतो.

उरलेला फरक धुण्यात जातो. खरी लोकर कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, आकारात ठेवून सपाट वाळवली की टाके आपापली जागा घेतात. आपल्याकडे स्वेटरसाठी सर्रास वापरली जाणारी ‘लोकर’ मात्र बरेचदा ॲक्रिलिक असते. त्यावर गरम इस्त्री ठेवली तर तंतू उष्णतेने कायमचे बदलतात. कापड मऊ, चपटं आणि लुळं होतं, आणि त्याचा ताण परत येत नाही. त्यामुळे ॲक्रिलिकला गार पाण्याने धुणं आणि सपाट वाळवणं एवढंच करावं. लेबलवर काय लिहिलंय ते पाहून ठरवा.

गैरसमज: ही युक्ती कोणत्याही टाक्याला चालते.

वस्तुस्थिती: कडेचा टाका वेगळा असतो. तिथे पायऱ्यांऐवजी बाजूला मोठाले फास लोंबतात, कारण कडेला धागा एका ओळीतून दुसरीत वळतो. एकेका फासात दोन ओळी असतात. त्याचा खालचा दोरा आधी आणि वरचा नंतर ओढायचा, इतकाच बदल. खरी अडचण असते ती रांगेत वाढ, घट, जाळी किंवा वेणी असेल तेव्हा. दोन टाके मिळून एक केलेल्या जागेच्या खाली टाका उतरला, तर तिथे दोन फास मोकळे होतात आणि घट पुन्हा विणावी लागते. जाळीत दोरा मुद्दाम मोकळा सोडलेला असतो, त्यामुळे नक्षी पाठ असल्याशिवाय कोणती पायरी कुठल्या ओळीची, हे कळत नाही. अशा जागी नक्षी सुरू होते तिथपर्यंत उसवणं वेळेच्या हिशेबातही स्वस्त पडतं. साध्या विणीत मात्र आधी पायऱ्यांची लांबी पाहा. त्या सैल असतील तर उसवायचं कारण नाही.