खाचेवरून ओढ्याचे पाणी मोजताना

ओढ्यातून किंवा चारीतून दर सेकंदाला किती पाणी जाते, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. रुंद, उथळ प्रवाह भरपूर वाटतो आणि अरुंद घळीतला वेगवान प्रवाह थोडका वाटतो. प्रत्यक्षात उलटे असू शकते. म्हणून प्रवाहाच्या आड एक सपाट पत्रा उभा करतात, त्याला ठरावीक आकाराची खाच पाडतात आणि सगळे पाणी त्या खाचेतूनच पडेल अशी व्यवस्था करतात. मग मोजायची उरते ती एकच गोष्ट : खाचेच्या तळाच्या वर पाणी किती उंच उभे आहे. या उंचीवरून विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहून जाणारे पाणी, हिशेबाने काढता येतो. लहान ओढ्यासाठी काटकोनी व्ही-नॉच सर्वांत सोयीचा असतो. धरणाच्या आतल्या गॅलरीत जमणारी गळती मोजायलाही हाच वापरतात.

त्यामागचे तत्त्व साधे आहे. खाचेतून पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. व्ही आकाराच्या खाचेत पाणी चढले की त्याची खोली वाढते आणि रुंदीही वाढते, म्हणून वाहत्या पाण्याचे क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते. दोन्हींचा गुणाकार केला की विसर्ग उंचीच्या अडीचाव्या घाताप्रमाणे बदलतो, हे सूत्र मिळते. धारदार कडेवरून सुटताना धार आक्रसते, त्यामुळे खरा विसर्ग या सरळ हिशेबाच्या सुमारे 58 टक्के भरतो. हे सर्व जमेस धरून काटकोनी खाचेचे व्यवहारातले सूत्र असे होते :

Q = 0.0138 × H² × √H

यात H म्हणजे सेंटिमीटरमधली उंची आणि Q म्हणजे दर सेकंदाला लिटरमध्ये विसर्ग. बेलफास्टचे अभियंते जेम्स थॉमसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या त्रिकोणी खाचेचे प्रयोग केले. त्रिकोणी खाचच का, याचे त्यांचे कारण आजही पटते. पाणी कमी असो वा जास्त, पडणाऱ्या धारेचा आकार तोच राहतो, फक्त लहान-मोठा होतो. त्यामुळे एकच गुणक बऱ्याच मोठ्या पल्ल्यात चालतो. चौकोनी खाचेत तसे होत नाही.

या सूत्रातून एक गोष्ट पहिल्यांदा पाहणाऱ्याला चकित करते. उंची 20 सेंमी असताना विसर्ग सेकंदाला 24.7 लिटर असतो. उंची निम्मी, म्हणजे 10 सेंमी झाली की तो 4.4 लिटरवर येतो. पाणी निम्मे उतरले आणि विसर्ग साडेपाचपटीहून अधिक घटला. उन्हाळ्याच्या तोंडाला ओढा “थोडासाच उतरला” असे वाटते, तेव्हा प्रत्यक्षात पुष्कळ पाणी कमी झालेले असते. याच कारणाने उंचीची सरासरी काढून तिच्यावरून विसर्ग काढणे चूक ठरते. एका दिवशी 10 आणि दुसऱ्या दिवशी 20 सेंमी नोंद असेल, तर 15 सेंमीचा विसर्ग 12.0 लिटर येतो. पण दोन दिवसांच्या विसर्गाची खरी सरासरी 14.5 लिटर आहे. प्रत्येक नोंदीचा विसर्ग आधी काढायचा, सरासरी नंतर.

आता एक उदाहरण घेऊ. डोंगरपायथ्याच्या एका वाडीला नळयोजनेसाठी जवळच्या ओढ्याचे पाणी उन्हाळ्यात पुरेल का, हे ठरवायचे आहे. जानेवारीत ओढ्याचा पाट दीड मीटर रुंद आहे आणि पाणी सेकंदाला पाच-सात लिटर असावे असा अंदाज आहे. इतक्या विसर्गाला खाचेत पाणी 10 ते 12 सेंमी उंच उभे राहील. पावसाळ्यानंतरचे जास्त पाणीही सामावावे म्हणून 30 सेंमी खोल खाच पुरेशी आहे. तिच्यातून सेकंदाला 68 लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते.

जागा निवडताना सरळ पाट आणि पुढे थोडा उतार पाहतात, कारण खाचेतून पडलेले पाणी मोकळे खाली पडायला हवे. पत्र्यावर गुण्या ठेवून त्याच्या काटकोनाच्या दोन भुजा आखल्या की खाचेचा कोन आपोआप 90 अंशांचा होतो. खोली 30 असेल तर वरची रुंदी बरोबर 60 सेंमी भरली पाहिजे. ही पडताळणी पट्टीने होते. कड धारदार ठेवतात. पत्रा जाड असेल तर खालच्या अंगाने तिरपा घासून कड एक-दोन मिलिमीटरची करतात आणि धारदार बाजू वरच्या पाण्याकडे ठेवतात. खाचेचे टोक ओढ्याच्या तळापासून, अपेक्षित उंचीच्या निदान अडीचपट वर असावे. 12 सेंमी उंचीसाठी 30 सेंमी. त्यामागे साचलेल्या डोहात पाणी जवळजवळ संथ होते, आणि सूत्र याच संथपणावर आधारलेले आहे. वेगाने धावून आलेले पाणी त्याच उंचीला अधिक विसर्ग देते.

पत्रा ओळंब्यात उभा करून वरची कड पाणसळीने समतल करतात. कडेने आणि खालून पाणी निसटू नये म्हणून चिकणमाती, गोणपाट आणि प्लास्टिकचा कागद दाबून बसवतात. हे काम कंटाळवाणे असले तरी बहुतेक फसलेली मोजमापे इथेच फसतात. बाजूने झिरपणारे पाणी खाचेत दिसत नाही आणि नोंदीत येत नाही.

मोजपट्टी खाचेजवळ लावायची नसते. खाचेजवळ येताना पाण्याचा पृष्ठभाग खाली वाकतो, तिथली उंची वाचली तर विसर्ग कमी येतो. म्हणून पट्टी वरच्या अंगाला, जास्तीत जास्त उंचीच्या चौपट अंतरावर उभी करतात. 30 सेंमीच्या खाचेसाठी सव्वा मीटर. पट्टीचा शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीत बसवणे हे सगळ्यांत नाजूक काम आहे. पाणी वाहत असताना टोकाशी पट्टी धरता येत नाही, म्हणून गवंड्याच्या पारदर्शक नळीने पत्र्याच्या वरच्या कडेची पातळी खुंटीवर उतरवतात आणि तिथून बरोबर 30 सेंमी खाली शून्य घेतात. पाणी हलत असेल तर बाजूला एक पाइप पुरून, तळाशी छिद्र ठेवून, त्यातल्या शांत पाण्याची पातळी वाचतात.

डोह भरून पातळी स्थिर झाल्यावर पहिली नोंद 11.4 सेंमी आली असे मानू. सूत्रात 11.4 चा वर्ग 130, वर्गमूळ 3.376, गुणाकार सुमारे 439 आणि विसर्ग सेकंदाला 6.06 लिटर. महिन्याभराने 9.0 सेंमी म्हणजे 3.35 लिटर. एप्रिलअखेर 6.0 सेंमी म्हणजे 1.22 लिटर. एवढाच प्रवाह रात्रंदिवस धरला तर दिवसाला सुमारे 1 लाख 5 हजार लिटर होतात. माणशी दिवसाला 55 लिटर या ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या निकषाने ते सुमारे 1,900 लोकांना पुरतील. पण रात्रीचे पाणी साठवणारी टाकी नसेल, तर उपयोगात येणारा भाग त्याहून बराच कमी राहील, शिवाय ओढ्यावर अवलंबून असलेल्या जनावरांचा आणि खालच्या गावांचा वाटा त्यातच आहे.

अशा लहान उंचीत चुकीला मोठी किंमत पडते. विसर्गातली चूक उंचीतल्या चुकीच्या अडीचपट होते. 10 सेंमीत 2 मिलिमीटर चुकले तर विसर्ग 5 टक्के चुकतो. 5 सेंमीत तेच 2 मिलिमीटर 10 टक्के नेतात. उंची 5 सेंमीच्या खाली गेली की धार पत्र्यापासून सुटत नाही, ती पत्र्याला चिकटून खाली ओघळते आणि सूत्र लागू पडत नाही. खाचेकडे नुसते पाहूनही हे कळते : निरोगी धार पत्र्यापासून दूर उडते आणि तिच्यामागे हवा दिसते.

कमी पाणी असताना बादलीने पडताळणी करता येते. 6.0 सेंमी नोंदीला 15 लिटरची बादली 12.3 सेकंदांत भरायला हवी. ती वारंवार 11 सेकंदांतच भरत असेल, तर खाचेतून खरोखर सेकंदाला 1.36 लिटर पाणी जाते, आणि तेवढ्या विसर्गाची उंची सुमारे 6.3 सेंमी असते. अशा वेळी पट्टीचा शून्य 3 मिलिमीटर वर बसला असावा, अशी पहिली शंका घ्यावी. झिरपा मात्र बादलीने सापडत नाही, कारण बादलीत खाचेचेच पाणी येते. त्यासाठी पत्र्याच्या खालच्या अंगाला ओल आणि बुडबुडे शोधावे लागतात.

पाऊस नसताना नोंद एकाएकी वाढली, तर खाचेत पालापाचोळा अडकलेला असतो. तो काढून, पातळी पुन्हा बसेपर्यंत थांबून वाचावे. गाळ हळूहळू भरत जातो तेव्हा नोंदीत काहीच खटकत नाही, पण डोह उथळ होऊन पाणी धावू लागते आणि सूत्र कमी विसर्ग दाखवू लागते. म्हणून काठीने डोहाची खोली अधूनमधून मोजतात. खालचे पाणी फुगून टोकापर्यंत चढले की धार मोकळी राहत नाही. मग उंची वाढते पण विसर्ग त्या मानाने वाढत नाही, आणि अशा दिवसाची नोंद बाद धरावी लागते. टोक खालच्या पाण्यापेक्षा निदान पाच-सहा सेंमी वर असणे सुरक्षित.

चारीसाठीही हीच खाच चालते. उंची सुमारे 21 सेंमी असली की विसर्ग एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर होतो. त्याहून बरेच जास्त पाणी असेल तर त्रिकोणी खाचेला खूप उंची लागते, म्हणून चौकोनी किंवा सिपोलेटी खाच घेतात. इटालियन अभियंता चेझारे चिपोलेत्ती यांच्या नावाच्या या खाचेच्या बाजू चार उभ्याला एक आडवी अशा कलत्या असतात; त्या कलामुळे बाजूंनी धार आक्रसल्याने होणारी घट भरून निघते आणि सूत्र सोपे राहते : Q = 0.0186 × L × H × √H, ज्यात L ही खाचेच्या तळाची सेंटिमीटरमधली रुंदी. सपाट उताराच्या मोठ्या कालव्यात मात्र खाचेच्या पुढे पाणी पाडायला उंचीच नसते आणि मागे गाळ साठतो. तिथे पाट अरुंद करून पाण्याला वेग देणारी फ्ल्यूम बांधतात.